जागलीवर कोसळलेला शेरू: पाणथरीची गाठ, पोटातलं रक्त आणि 'दोन महिने' या आकड्याचा अर्थ

दिवाळी उलटून आठवडा झाला असेल. पहाटे सव्वापाचला फोन आला. "डॉक्टर साहेब, शेरूले कोणं तरी औषध घातलं जी. जागलीवर होता, उठला आन् धपकन पडला."

तालुक्याच्या गावी कुत्र्यांचा दवाखाना चालवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला असा फोन वर्षातून चार-दोनदा येतोच. तुरीच्या वावरात रानडुकरं शिरू नयेत म्हणून रात्रभर भुंकणारं, दहा-अकरा वर्षांचं धट्टंकट्टं कुत्रं. काल संध्याकाळपर्यंत भाकर खाल्लेली. आज जमिनीवर आडवं, हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या, पोट फुगलेलं. घरच्यांचा पहिला संशय शेजाऱ्यावर, दुसरा सापावर. दोन्ही संशय वावगे नाहीत, आपल्याकडे दोन्ही घडतं. पण म्हाताऱ्या, मोठ्या चणीच्या कुत्र्यात, अंगावर कुठे मार नसताना असं झालं की मला आधी पाणथरी आठवते.

शेरू 11 वर्षांचा, 28 किलोचा. आई गावठी, बाप कुणाचा तरी अल्सेशियन. पुढचं सगळं त्याच्या निमित्ताने सांगतो. त्याच्या धन्याने, काकाजींनी, त्या सकाळी जे प्रश्न विचारले तेच बहुतेक सगळे विचारतात.

पाणथरी म्हणजे काय, आणि ती फुटते कशी?

पाणथरी म्हणजे प्लीहा. मटणाच्या दुकानात तिला तिल्ली म्हणतात. कुत्र्यात ती जठराला लागून, जिभेसारखी लांबट पसरलेली असते. जुन्या झालेल्या तांबड्या पेशी गाळायच्या, जंतूंना अडवायचं आणि थोडं रक्त राखून ठेवायचं, ही तिची कामं. कुत्रं जीव खाऊन पळतं तेव्हा ती आकसते आणि साठवलेलं रक्त अंगात सोडते. थोडक्यात, रक्ताने भिजलेला स्पंजच तो.

रक्तवाहिनीला आतून पेशींचं एक पातळ अस्तर असतं. या अस्तराच्या पेशींचा कर्करोग म्हणजे हिमॅन्जिओसार्कोमा. इतका लांब शब्द पुन्हा वापरत नाही, यापुढे 'अस्तराचा कॅन्सर' म्हणतो. कुत्र्यात तो सर्वांत जास्त पाणथरीत होतो, त्याशिवाय हृदयाच्या उजव्या कप्प्यात, यकृतात आणि कातडीतही होतो. जर्मन शेफर्ड, लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर या जातींत जास्त दिसतो, पण मिश्र जातीच्या मोठ्या कुत्र्यांनाही सोडत नाही.

या पेशींना रक्तवाहिन्या बांधण्याची सवय असते आणि बिघडल्या तरी ती सुटत नाही. त्या वाहिन्या बांधतच राहतात, पण वेड्यावाकड्या, पातळ भिंतीच्या, कुठून कुठे जातील त्याचा पत्ता नसलेल्या. उन्हाने कडक झालेली ठिबकची नळी आठवा. वरून ती शाबूत दिसते, पण चार ठिकाणी चिरलेली असते. पाणी सोडलं की एखादी चीर उघडते. गाठीतही तसंच होतं, आणि तिथे येणारा दाब थेट हृदयाचा असतो. कुत्रं डुकरामागे धावतं, ओट्यावरून उडी मारतं, किंवा काहीच करत नाही आणि तरी गाठीचा एक कोपरा फाटतो. रक्त पोटाच्या पोकळीत उतरतं. बाहेर थेंब दिसत नाही.

कुत्र्याच्या अंगात किलोमागे साधारण 85 मिलिलिटर रक्त धरतात. शेरूचा हिशेब 2.4 लिटरच्या आसपास जातो. त्यातलं एकतृतीयांश, म्हणजे पाऊण लिटरभर, थोड्या वेळात नळीबाहेर गेलं की कुत्रं कोसळतं. पाऊण लिटर रक्त 28 किलोच्या कुत्र्याच्या पोटात गेलं तर वरून पाहणाऱ्याला 'थोडं पोट आल्यासारखं' वाटतं, एवढंच.

"मंग मागच्या वेळी बरा कसा झाला?"

हे काकाजींना मध्येच आठवलं. दोन आठवड्यांपूर्वी शेरू धुऱ्यावर असाच बसला होता, पाय लटपटत होते. त्यांनी सावलीत ओढलं, पाणी पाजलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो जेवला आणि रात्री जागलीवर गेला. ऊन लागलं असेल म्हणून गोष्ट तिथेच सोडली.

तो पहिला रक्तस्राव होता. फाटलेल्या जागी रक्ताची गुठळी बसते आणि गळती थांबते. पोटात सांडलेलं रक्त वायाही जात नाही. पोटाच्या आतल्या पडद्यातून, लसिकावाहिन्यांच्या वाटेने, त्यातल्या बऱ्याच तांबड्या पेशी एक-दोन दिवसांत परत रक्तात शिरतात. कुत्रं जणू स्वतःचंच रक्त स्वतःला चढवून घेतं. म्हणून ते 24 ते 48 तासांत ठणठणीत दिसू लागतं आणि घरचे निश्चिंत होतात.

मला या रोगात सगळ्यात जास्त चुटपुट लावणारी जागा हीच आहे. म्हातारं कुत्रं अचानक गळालं, हिरड्या फिक्या पडल्या आणि एका दिवसात आपोआप सुधारलं, तर ते सुधारलं म्हणूनच त्याची सोनोग्राफी करायला हवी. गाठ तेव्हा सापडली असती तर ऑपरेशन कोसळलेल्या कुत्र्यावर घाईत न होता चालत्या-फिरत्या कुत्र्यावर झालं असतं. कॅन्सर असता तर तो त्यामुळे टळला नसता, पण टेबलावरचा धोका नक्कीच कमी झाला असता.

विष, परड की गाठ?

शेरू पिकअपच्या हौद्यात पोत्यावर आला. हिरडी दाबून सोडली की गुलाबी रंग दोन सेकंदांच्या आत परत यायला हवा, त्याच्या हिरडीत दाबायला रंगच नव्हता. नाडी मिनिटाला 172, आणि दोऱ्यासारखी बारीक.

फवारणीचं औषध पोटात गेलं असतं तर लाळ गळली असती, अंग थरथरलं असतं, डोळ्याच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या असत्या. यातलं काही नव्हतं. उंदीर मारायच्या गोळ्यांपैकी झिंक फॉस्फाईडने ओकाऱ्या आणि झटके येतात, तेही नव्हते. पण दोन गोष्टी अशा आहेत ज्यांनी पोटात रक्त उतरू शकतं. एक, रक्त गोठू न देणारं उंदराचं औषध, म्हणजे ब्रोमॅडिओलोनसारखं. त्याचा परिणाम खाल्ल्यावर तीन-चार दिवसांनी दिसतो, तोवर खाल्लेलं कुणाला आठवत नाही. दुसरी घोणस, आपल्याकडची परड. तिच्या विषानेही रक्ताची गोठण्याची ताकद संपते. हे दोन निकाली काढणं फार गरजेचं असतं, कारण दोन्हीवर इलाज आहे: पहिल्यावर व्हिटॅमिन के, दुसऱ्यावर सर्पविषाची लस. चुकून गाठ समजून पोट फाडलं तर असं कुत्रं टेबलावरच वाहून जाईल.

यासाठी मोठं यंत्र लागत नाही, काचेच्या दोन कोऱ्या नळ्या पुरतात. एका नळीत पायाच्या शिरेतलं रक्त घेतलं. दुसरीत बेंबीजवळून बारीक सुईने पोटातलं काढलं, आणि ते रक्तच निघालं. नळ्या हलवल्या नाहीत, वीस मिनिटं थांबलो. शिरेतलं रक्त घट्ट गोठलं होतं, नळी उलटी केली तरी जागचं हललं नाही. पोटातलं मात्र पातळच राहिलं.

पोटातलं रक्त न गोठणं हे घाबरण्यासारखं नाही, ते अपेक्षितच असतं. पोकळीत आल्यावर थोड्याच वेळात त्यातला गोठवणारा धागा वापरून संपतो. सुईने चुकून एखादी शीर टोचली असती तर ते रक्त गोठलं असतं. म्हणजे हे नक्की पोटात साचलेलं रक्त, आणि अंगातल्या रक्ताची गोठण्याची ताकद शाबूत. विष आणि परड मागे पडली, कुठेतरी काहीतरी फुटलं होतं. एक अपवाद सांगून ठेवतो: हा कॅन्सर फार पुढे गेलेला असला तर तो स्वतःच गोठवणारे घटक खाऊन टाकतो, तेव्हा दोन्ही नळ्या पातळ राहू शकतात. त्यामुळे शिरेतलं रक्त गोठलं तर विश्वास ठेवायचा, नाही गोठलं तर घाईने निष्कर्ष काढायचा नाही.

"गोचीड तापानंही पाणथरी वाढते ना?" असं शेजारचा पोरगा मोबाईलवर वाचून म्हणाला. बरोबर होतं त्याचं. पण गोचिडाच्या तापात पाणथरी सगळीकडून सारखी सुजते, भाकरी फुगावी तशी. तिच्यात लिंबा-संत्र्याएवढी वेगळी गाठ दिसत नाही, आणि ती सहसा अशी फुटतही नाही.

सलाईन भरभर का लावली नाही?

काकाजींच्या सुनेने विचारलं, बाटली इतकी हळू का चालू आहे. तिला ठिबकचंच उदाहरण दिलं. नळी फाटलेली असताना पंपाचा दाब वाढवला तर पाणी झाडाला जात नाही, चिरेतून कारंजं उडतं. गाठीवर नुकती बसलेली कच्ची गुठळी जोराच्या सलाईनने सुटते. शिवाय सलाईनमध्ये तांबड्या पेशी नसतात, उरलेलं रक्त तेवढं पातळ होतं. म्हणून थोडं द्यायचं, नाडी बघायची, पुन्हा थोडं द्यायचं. हृदय आणि मेंदू चालू राहतील एवढाच दाब ठेवायचा.

खरी गरज रक्ताची होती, आणि ते माझ्याकडे नव्हतं. सोनोग्राफी, रक्त आणि भूल या तिन्ही गोष्टी एका छताखाली हव्या तर आमच्या गावाहून नागपूर दीडशे किलोमीटर. तिथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पश्चिमेकडच्या लोकांना अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यकीय संस्था जवळ पडते. पोटाला चादरीचा रुंद पट्टा गुंडाळला, श्वास अडणार नाही इतपतच घट्ट, आणि रक्त द्यायला दुसरं कुत्रं सोबत न्यायला सांगितलं. कुत्र्याला आयुष्यात पहिल्यांदा रक्त देताना गट जुळवायला वेळ नसला तरी सहसा निभावतं, कारण माणसासारखी परक्या गटाविरुद्धची जोरकस प्रतिद्रव्यं त्याच्या अंगात मुळात नसतात. दुसऱ्या वेळी मात्र जुळवून बघावंच लागतं. काकाजींच्या पुतण्याचा चार वर्षांचा, 32 किलोचा काळू होता. गोचिडाच्या तापाची तपासणी करून त्याचं 450 मिलिलिटर रक्त घेतलं.

रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती हे एका बारीक नळीत फिरवून कळतं. निरोगी कुत्र्यात तो शंभरात 37 ते 55 असतो. शेरूचा नागपूरला 18 निघाला. काळूचं रक्त चढल्यावर 26 झाला. भूल देण्यापुरतं ते चाललं.

"कॅन्सरच आहे हे कशावरून?"

त्या दिवशी दुपारी कुणालाच ते माहीत नव्हतं. ही गोष्ट नीट कळली तर अर्धा गोंधळ मिटतो.

सोनोग्राफीत पाणथरीवर गाठ आणि पोटात रक्त दिसलं. कुठलाही मार न लागता असं कोसळलेल्या कुत्र्यांत साधारण तीनातल्या दोघांना अस्तराचा कॅन्सर निघतो. उरलेल्यांत काहींना दुसऱ्या जातीचा कॅन्सर असतो, आणि बऱ्याच जणांना निव्वळ साधी रक्ताची गाठ. साधी गाठही तेवढीच मोठी होते, तशीच फुटते आणि कुत्रं तसंच पांढरंफटक पाडते. फरक एवढाच की ती पाणथरीसकट काढली की काम संपतं. सोनोग्राफीत दोघी सारख्या दिसतात. पोट उघडून पाणथरी हातात घेतलेल्या सर्जनलाही नुसतं बघून सांगता येत नाही. माझ्याच हातून एकदा "कॅन्सर दिसतोय" असं बोलून झालं होतं. अहवाल साध्या गाठीचा आला, आणि ती कुत्री पुढे तीन वर्षं मला दर पावसाळ्यात दात दाखवत आली.

म्हणून नागपूरला छातीचा एक्स-रे काढला, हृदयाच्या उजव्या कप्प्यावर गाठ नाही ना ते पाहिलं. दोन्ही स्वच्छ होतं. फुप्फुसांत गोळ्या दिसल्या असत्या तर मीच ऑपरेशन नको म्हणालो असतो. पोट उघडलं तेव्हा लिटरभर रक्त निघालं, पाणथरीवर नऊ सेंटीमीटरची फाटकी गाठ, आणि यकृतावर दोन पांढरट ठिपके. ते ठिपके बघून टेबलावरच "आता जागवू नका" असं म्हणायचा मोह होतो. पण म्हाताऱ्या कुत्र्याच्या यकृतावर निरुपद्रवी गाठोडी सर्रास असतात. शेरूच्या ठिपक्यांचा तुकडाही तपासणीला गेला, आणि ते निरुपद्रवीच निघाले.

तपासणीबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. काढलेल्या पाणथरीचा एकच तुकडा पाठवला आणि तो नेमका गोठलेल्या रक्ताचा निघाला तर अहवाल 'साधी गाठ' येऊ शकतो, कॅन्सर शेजारी लपून राहतो. गाठ आणि चांगली पाणथरी जिथे मिळतात तिथले चार-पाच तुकडे हवेत. तुकड्यांच्या दहापट फॉर्मेलिन हवं, आणि बरणी रुंद तोंडाची. अरुंद बाटलीत मऊ तुकडा शिरतो, दोन दिवसांत फॉर्मेलिनने कडक होतो आणि मग बाहेर निघत नाही.

आठवड्याने अहवाल आला. पाणथरीतला अस्तराचा कॅन्सर.

गाठ काढली, मग कॅन्सर गेला की नाही?

पाटाच्या तोंडाशी गाजर गवताचं एक झाड उगवलं, फुललं, बी पाण्यात पडलं. तुम्ही ते झाड मुळासकट उपटलं. पण पाणी आठ दिवस चालूच होतं, बी प्रत्येक सरीत पोचलेलं आहे, फक्त अजून उगवलेलं नाही. अस्तराचा कॅन्सर रक्तवाहिनीतच जन्मतो, म्हणजे पाटाच्या तोंडाशीच. त्याच्या पेशींना रक्तात शिरायला वेगळी वाट शोधावी लागत नाही. त्यात गाठ फुटली की पेशी पोटभर सांडतात. म्हणून एक्स-रे स्वच्छ असला तरी बहुतेक कुत्र्यांत बी आधीच पडलेलं असतं, डोळ्याला दिसण्याएवढं उगवलेलं नसतं, इतकंच.

'दोन महिने' म्हणजे नेमकं किती?

"किती दिवस हाय याच्यापाशी, तेवढं सांगा," काकाजी म्हणाले.

फक्त ऑपरेशन केलेल्या कुत्र्यांचा सांगितला जाणारा आकडा एक ते तीन महिने, बोलताना आम्ही 'दोन महिने' म्हणतो. ही मुदत नाही. एकवीस कुत्री ओळीत उभी करा, जो सर्वांत कमी जगला तो पुढे, सर्वांत जास्त जगला तो शेवटी. ओळीच्या बरोबर मधल्या कुत्र्याचे दिवस म्हणजे हा आकडा. पुढच्यांतलं एखाद-दुसरं ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच गेलेलं असतं. शेवटचं एखादं वर्ष ओलांडतं. आपलं कुत्रं ओळीत कुठे उभं आहे हे आकडा सांगत नाही. गाठ फुटायच्या आधीच निघाली असती तर ते थोडं मागे, यकृतात खरोखर पसरलेला असता तर बरंच पुढे, एवढा अंदाज करता येतो. शेरू मधल्या गटातला: फुटलेली गाठ, पण दिसण्यासारखा पसार नाही.

आणखी एक खोच या आकड्यात आहे. हे हिशेब बहुतांशी परदेशातल्या मोठ्या रुग्णालयांतून आले आहेत, आणि त्यातली पुष्कळ कुत्री आपोआप मेलेली नाहीत. दुसरा रक्तस्राव झाल्यावर मालकाने इंजेक्शन देऊन सोडवलेली आहेत. म्हणजे आकड्यात रोगाइतकाच माणसांचा निर्णयही मोजला गेला आहे.

पण मला काकाजींना दिवसांपेक्षा वेगळीच गोष्ट सांगायची होती. हा रोग कुत्र्याला महिनोन् महिने झिजवत नाही. जखम भरली की बहुतेक कुत्री खातात, भुंकतात, वावरात जातात. मग एखाद्या दिवशी यकृतावर किंवा पोटातल्या चरबीवर उगवलेली नवी गाठ फुटते आणि पहिल्यासारखंच, काही तासांत सगळं संपतं. 'दोन महिने' ऐकून लोक साठ दिवसांचं आजारपण डोळ्यांपुढे आणतात. प्रत्यक्षात ते बरेचसे चांगले दिवस असतात, ज्यांचा शेवट सूचना न देता येतो. तयारी ठेवायची ती त्या शेवटाची: गाडी कोणाची, फोन कोणाला, आणि दुसऱ्या वेळी पुन्हा पोट उघडायचं की नाही. हे आधीच बोलून ठेवावं, रात्री दोनला हौद्यात बसून नव्हे.

केमो दिली तर?

डॉक्सोरुबिसिन नावाचं औषध शिरेतून, दर दोन-तीन आठवड्यांनी, चार ते सहा वेळा देतात. त्याने ओळीच्या मधलं कुत्रं चार ते सहा महिन्यांवर जातं. वर्ष पार करणारी मात्र तरीही दहातलं एखादंच. म्हणजे औषध मधले महिने वाढवतं, शेवट फारसा बदलत नाही. माणसात केमोचं जे रूप आपण पाहिलेलं असतं तितकं ते कुत्र्यात कठीण नसतं. डोस बेताचा असतो, केसही बहुधा जात नाहीत. एक-दोन दिवस ओकाऱ्या होतात, आठवड्याने पांढऱ्या पेशी उतरतात. पण शिरेबाहेर थेंब सांडला तर तिथलं मांस सडतं, हृदयावर परिणाम होतो, आणि दर वेळी नागपूर. काकाजींनी नको म्हटलं. मला ते पटलं.

ऑपरेशन न करणं म्हणजे कुत्र्याला सोडून देणं का?

नाही. तीनातले दोन कॅन्सर हे गणित, भूल आणि ऑपरेशनमध्येच जीव जाण्याचा धोका, गाडीभाड्यासकट चार-पाच क्विंटल सोयाबीनच्या घरातला खर्च. हे सगळं बघून पहिल्या दिवशीच गाढ भूल देऊन शांतपणे सोडवायला सांगणारे लोक मला भेटतात, आणि त्यांना मी कधी अडवत नाही. रक्त पोटात उतरत असताना कुत्र्याला धाप लागते, तहान लागते, ते घाबरतं. 'निसर्गावर सोडू' म्हणून गोठ्यात ठेवलेलं कुत्रं रात्रभर तसं पडून राहतं. माझा विरोध फक्त त्या तिसऱ्या वाटेला आहे. लिव्हरची टॉनिकं आणि रक्तवाढीच्या गोळ्या त्या रात्री काही करत नाहीत.

आधी कळलं असतं का?

साध्या रक्त तपासणीत हा कॅन्सर दिसत नाही. आठ वर्षांपुढच्या मोठ्या कुत्र्याची सहा महिन्यांनी सोनोग्राफी केली तर एखादी गाठ सापडू शकते. पण न फुटता, योगायोगाने सापडलेल्या गाठी बऱ्याचदा साध्याच असतात, हेही मग सोसावं लागतं. खेड्यात परवडण्यासारखी सवय एकच: आठवड्यातून एकदा ओठ उचलून हिरडी बघायची. आपल्या कुत्र्याचा नेहमीचा गुलाबी रंग ओळखीचा असला की फिका रंग लगेच खटकतो. काळ्या हिरड्यांच्या कुत्र्यात डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग पाहायचा.

शेरूचे 68 दिवस

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी हृदयाचे ठोके वेडेवाकडे झाले. पाणथरी काढल्यावर पहिल्या दोन दिवसांत असं पुष्कळदा होतं, औषधाने ते आटोक्यात आलं. चौथ्या दिवशी तो घरी गेला. पाणथरी नसली की कुत्रं जगतं, फक्त गोचिडांतून येणाऱ्या बॅबेसियाशी लढायला कमी पडतं. म्हणून गोचिडाचं औषध चुकवू नका एवढं बजावलं. टाके दहा-बारा दिवसांनी काढले. तिसऱ्या आठवड्यापासून तो पुन्हा मचाणाखाली झोपू लागला. डुकरामागे पळू देऊ नका असं मी सांगितलं होतं. काकाजी हसून म्हणाले, त्याले तुमी सांगा.

तूर सोंगून झाली होती. 68व्या दिवशी सकाळी सुनेचा फोन आला: हिरड्या पांढऱ्या आहेत, पोट आलंय, तुम्हीच या. ठरलेलं होतं, त्यामुळे कुणी नागपूरचं नाव काढलं नाही. मी पोचलो तेव्हा तो गोठ्याच्या दाराशी, पोत्यावर, काकाजींच्या मांडीला टेकून होता. आधी झोपेचं इंजेक्शन दिलं. तो घोरायला लागल्यावर दुसरं दिलं.

निघताना सुनेने विचारलं, काळूने शेरूची ताटली चाटली आहे, त्याला तर नाही ना लागणार? हा रोग एकमेकांना लागत नाही, ना ताटलीतून, ना दिलेल्या रक्तातून. काळूचं वय तेव्हा चार. तो आठचा झाला की त्याची हिरडी बघायला लागा, असं सांगून मी गाडी वळवली.